कांडप मशीन घेताय? आधी तिच्या सगळ्या वर्षांचा खर्च मांडा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत गटांच्या अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष ताईंसमोर केलेलं भाषण)



आपल्या प्रभागातले काही गट मसाला कांडप आणि दळणाचं मशीन घेण्याच्या तयारीत आहेत. दरपत्रकं आली की आपण सगळ्यात खालची ओळ आधी बघतो, एकूण रक्कम. जिची रक्कम कमी, तिच्यावर ठराव. पण मशीन घेतल्यावर तिच्यासाठी जेवढा पैसा जातो, त्यातला किती पैसा त्या दरपत्रकावर लिहिलेला असतो? आज आपण तेवढंच बघू या. वही-पेन काढा, कारण हिशोब सोपा आहे पण लिहून केल्याशिवाय पटत नाही.

समजा आपल्यासमोर तीन एचपीच्या दोन पल्व्हरायझर मशीन आहेत. आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या दरपत्रकातले घाला. पहिली ३२,००० रुपयांची, दुसरी ५५,००० रुपयांची. वाहतूक आणि वायरिंग धरून. फरक २३,००० रुपयांचा. गटाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही.

आता पहिला प्रश्न. मशीन किती वर्षं चालेल? पहिलीचा पत्रा पातळ, मोटर साधी. रोज चालवली तर ती ६ वर्षं चालेल असं धरू. दुसरीचा सांगाडा जड, मोटर तांब्याच्या तारेची. ती १० वर्षं. शेवटी दोन्ही भंगारात जातील. पहिलीचे वाहतूक खर्च वजा जाता २,००० रुपये येतील, दुसरीचे ५,०००, कारण लोखंड जास्त आणि तांब्याला भंगारातही भाव असतो. म्हणून भंगारवाल्याला मशीन आख्खी उक्ती देऊ नका. मोटर वेगळी काढून वजनावर विका.

मग पहिलीवर आपले खरे गेले ३०,००० रुपये, ६ वर्षांत. वर्षाला ५,०००. दुसरीवर गेले ५०,०००, १० वर्षांत. वर्षाला तेही ५,०००. बघा, दरपत्रकावर २३,००० चा फरक दिसत होता, वर्षावर वाटला तर फरक शून्य झाला. वेगवेगळी वर्षं चालणाऱ्या दोन वस्तूंची तुलना नेहमी अशी एका वर्षावर आणून करायची.

आता विजेकडे वळू. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. तीन एचपीची मोटर पूर्ण जोराने चालली की सव्वादोन हजार वॅटच्या आसपास काम देते, पण लाइनमधून त्याहून जास्त वीज ओढते. जास्तीची वीज उष्णता होऊन वाया जाते. म्हणून तर मोटरला हात लावला की चटका बसतो. साध्या मोटरने तासाला ३ युनिट घेतले आणि चांगल्या मोटरने २.७ युनिट, असं धरू. फरक दिसायला किती? तासाला युनिटचे तीन दशांश. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पण आपली मशीन रोज चार तास, वर्षातून २५० दिवस चालली तर वर्षाचे १,००० तास होतात. युनिटला ९ रुपये धरले तर पहिलीचं वर्षाचं वीजबिल २७,००० रुपये आणि दुसरीचं २४,३००. तुमचा युनिटचा खरा दर काढायचा असेल तर बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करा. स्थिर आकार वगैरे सगळं त्यात येतं.

इथे जरा थांबा. पहिली मशीन ३२,००० ची आणि तिची एका वर्षाची वीज २७,००० ची. सहा वर्षांत ती १,६२,००० रुपयांची वीज खाईल, म्हणजे स्वतःच्या किमतीच्या पाचपट. आपण घासाघीस करतो ती खरेदीच्या ३२ हजारांवर, आणि दीड लाखाबद्दल दुकानदाराला एक प्रश्नही विचारत नाही.

तिसरा खर्च दुरुस्तीचा. बीटर, म्हणजे आतले हातोडे, झिजतात. जाळी फाटते. पट्टा सैल होतो, बेअरिंग आवाज करायला लागतं. पहिल्या मशीनला या सगळ्याला वर्षाला ४,००० धरा. शिवाय मोटर जळाली की रिवाइंडिंगला, म्हणजे भरायला द्यावी लागते. दर दोन वर्षांनी ५,००० म्हटलं तर वर्षाला अडीच हजार. एकूण ६,५००. दुसरीला सुट्या भागांचे ३,००० आणि मोटर पाच वर्षांतून एकदा भरायची, म्हणजे वर्षाला १,०००. एकूण ४,०००.

चौथा खर्च कुणाच्याच पावतीवर नसतो. मशीन बंद राहिल्याचा. मार्च ते मे मिरची-मसाल्याचा हंगाम. बायका पाट्या घेऊन रांगेत असतात आणि मोटर शहरात भरायला गेलेली असते. त्या ताई दुसऱ्या गावच्या कांडपावर जातात, आणि पुढच्या वेळीही तिकडेच जातात. दिवसाला खर्च जाऊन हजार रुपये हाती राहत असतील, तर पहिली मशीन वर्षाला पाच दिवस बंद म्हणजे ५,००० बुडाले. दुसरी दोन दिवस बंद, २,०००. म्हणून दुकानदाराला नुसती वॉरंटी विचारू नका. जाळी, बीटर आणि बेअरिंग तालुक्याच्या गावी मिळतात का आणि मिस्त्री किती दिवसांत येतो, हे विचारा. दरपत्रकावर लिहून घ्या.

आता चारही आकडे एकाखाली एक लिहा. वर्षाचा खर्च, आधी पहिल्या मशीनचा, मग दुसरीचा:

मशीनची वर्षाची किंमत: ५,००० आणि ५,०००
वीज: २७,००० आणि २४,३००
दुरुस्ती: ६,५०० आणि ४,०००
बंद राहण्याचं नुकसान: ५,००० आणि २,०००
एकूण: ४३,५०० आणि ३५,३००

तासाला २० किलो माल निघाला तर वर्षाला २०,००० किलो. पहिल्या मशीनवर किलोला २ रुपये १८ पैसे पडले, महागड्या मशीनवर १ रुपया ७७ पैसे. वर्षाला ८,२०० रुपये वाचले. जास्तीचे २३,००० पावणेतीन वर्षांच्या आसपास फिटतात.

कर्ज काढलं असेल तर व्याज धरायला विसरू नका. २३,००० जादा कर्ज, दरमहा एक टक्का, तीन वर्षांत समान मुद्दल फेडलं तर व्याज साधारण सव्वाचार हजार होतं. मग फिटायला सव्वातीन वर्षं लागतील. तरी पुढची साडेसहा वर्षं उरतातच. अनुदान मिळत असेल तर तेही मांडा. अनुदान फक्त खरेदीची किंमत कमी करतं, वीजबिल आणि दुरुस्ती आपल्यालाच भरायची असते. ३५ टक्के अनुदान मिळालं तर आपल्या खिशातला फरक २३,००० ऐवजी १५,००० च्या आत येतो, आणि चांगली मशीन घेणं आणखी सोपं होतं.

आता याची दुसरी बाजू. महाग ते नेहमीच फायद्याचं असं माझं म्हणणं नाही. मशीन वर्षाला १,००० तासांऐवजी २०० तासच चालणार असेल, म्हणजे फक्त हंगामात आणि सणावाराला, तर बचतही पाचव्या हिश्शाची होते, सुमारे १,६४० रुपये. २३,००० फिटायला चौदा वर्षं लागतील आणि मशीनचं आयुष्य दहा वर्षांचं धरलंय. शिवाय कमी चालल्यामुळे स्वस्त मशीनही सहा वर्षांच्या पुढे टिकेल. अशा गटाने स्वस्त मशीन घ्यावी, नाहीतर शेजारच्या गटाच्या मशीनवर भाड्याने कांडप करून आणावं. म्हणून ठराव करण्याआधी एक काम करा. गावात किती घरं मसाला करतात, घराला किती किलो लागतो, दळणाला रोज किती बायका येतील, हे घरोघर विचारून तास काढा. हा आकडा चुकला की वरचा सगळा हिशोब चुकतो.

विजेचा आकडा दुकानदाराच्या तोंडी ऐकू नका, मोजून घ्या. सबमीटर लावून आपली स्वतःची वाळलेली २० किलो मिरची दळायला सांगा. आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहा, लागलेला वेळ लिहा. ओली मिरची नको, ती जाळीत बसते आणि मशीन विनाकारण वाईट ठरते. तीन फेजची मोटर घेत असाल तर पाटीवर आयई२ किंवा आयई३ अशी खूण शोधा. पुढचा आकडा मोठा तेवढी वीज कमी वाया जाते.

मशीन घरी आली की हीच नोंद पुढे चालू ठेवा. एका युनिटमध्ये किती किलो निघतं, आठवड्यातून एकदा, तोच माल आणि तीच जाळी ठेवून. आपल्या उदाहरणातली चांगली मशीन युनिटला सात-साडेसात किलो देईल. हा आकडा सहावर आला तर मशीन काहीतरी सांगतेय. बीटर झिजलेत, जाळी बसलीय किंवा पट्टा घसरतोय. जळक्या रबराचा वास आला तर पट्टाच. मोटर भरून आणल्यावरही पहिल्या दिवशी रीडिंग घ्या. भरणी नीट झाली नसेल तर तीच मोटर जास्त वीज ओढायला लागते. आणि गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर पॅनलवर व्होल्टमीटर बसवा. कमी व्होल्टेजवर भरलेलं मशीन ओढायला लावलं की मोटर तापते आणि जळते. जळालेल्या मोटरीचे पाच हजार आणि हंगामातले बुडालेले दिवस, याच्या तुलनेत तासभर थांबणं परवडतं.

शेवटचं कोषाध्यक्ष ताईंसाठी. वर्षाला मशीनची किंमत ५,००० झिजते असं आपण मांडलं. ते महिन्याला साधारण ४२० रुपये होतात. किलोचा दर ठरवताना ते त्यात धरा आणि दर महिन्याला बाजूच्या खात्यात टाका. नफा म्हणून वाटून टाकू नका. दहा वर्षांनी भंगाराचे पाच हजार त्यात पडतील तेव्हा एका मशीनची आजची किंमत जमलेली असेल. भाव वाढलेले असतील, तेवढी वरची भर लागेल, पण पुन्हा शून्यापासून कर्ज काढायला लागणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने दोन दरपत्रकं, मागच्या महिन्याचं एक वीजबिल आणि गावातल्या तासांचा अंदाज आणावा. हिशोब इथेच फळ्यावर करू.