नेमणूकपत्रांचा एकच तक्ता

सेवाग्राम, पिपरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांच्या हाती कधी दोन-तीन नेमणूकपत्रं एकदम येतात, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. तुलना करायची तर सगळ्यांचा एकच तक्ता करा.

समजा, बुटीबोरीचं पत्र म्हणतं, वर्षाला सीटीसी ३,६०,०००. देवळीचं म्हणतं, महिन्याला ग्रॉस २५,०००. तक्त्यात दोन्ही मासिक ग्रॉसमध्ये आणा. पहिल्याच्या परिशिष्टात कंपनीचा पीएफ वाटा २१,६०० आणि कामगिरीवरचा बोनस ३६,००० धरलेला आहे. ते वजा केले की उरतात ३,०२,४००, म्हणजे महिन्याला २५,२००. फरक फक्त दोनशेचा! बोनसला वेगळा रकाना द्या. तो मिळेलच असं नाही.

नोटीस पीरियडला मात्र दोन रकाने हवेत. प्रोबेशनमध्ये पंधरा दिवस आणि कायम झाल्यावर नव्वद, असं एकाच पत्रात असू शकतं. घाईत पहिला आकडा उचलला जातो. प्रोबेशन सहा महिन्यांचं असलं, तरी ‘वाढवता येईल’ आणि ‘लेखी पत्राशिवाय कायम समजू नये’ ही वाक्यं शेजारी जशीच्या तशी उतरवा.

एखादी अट पत्रात नसेल, तर शून्य टाकू नका, ‘उल्लेख नाही’ लिहा. शेवटच्या रकान्यात पान क्रमांक हवाच. एचआरला ईमेलवर विचारताना तोच लागतो.