बजेट कमी लागले, तरी खर्च जास्तच

समजा कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीने महिन्याला 10,000 नग धरून 25 लाखांचे बजेट केले. नगामागे 200 रुपये बदलता खर्च आणि वर 5 लाख स्थिर. प्रत्यक्षात 8,000 नगच निघाले आणि खर्च झाला 22 लाख 40 हजार. वरवर पाहता पैसे वाचले. पण लवचीक बजेटात 8,000 नगांचे 16 लाख आणि स्थिर 5 लाख, म्हणजे 21 लाखच बसतात. तफावत 1 लाख 40 हजारांनी प्रतिकूल! ती कुठून आली? अनेकदा स्वस्त भंगार घेतल्याने किमतीची तफावत अनुकूल दिसते, पण त्याच भंगाराने रिजेक्शन वाढते आणि वापराची तफावत प्रतिकूल होते. म्हणून खरेदी विभागाला शाबासकी देण्याआधी रिजेक्शनचे रजिस्टर बघा.