डी-टॅनच्या डबीत काय असते?

(महिला शिबिरात केलेले भाषण)



रोवणी संपली की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या पार्लरमध्ये मुली 'डी-टॅन' करायला येतात. ऊन आणि चिखलाने चेहरा-हात रापलेले असतात, आणि दिवाळीनंतर पाहुणे मुलगी पाहायला येणार असतात. रंगाचा हा बाजार कुणी उभा केला, यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. आज डबीबद्दल बोलू या.

पार्लरच्या पॅकमध्ये सहसा पांढरी माती, लॅक्टिकसारखे सौम्य आम्ल, ज्येष्ठमध किंवा कोजिक आम्ल असते, काहींत ब्लीचही. माती मळ-तेल शोषते, आम्ल वरची मृत त्वचा सैल करते. ब्लीचने चेहऱ्यावरची लव फिकी होते, म्हणून चेहरा उजळ वाटतो. पण रापलेला रंग खालच्या थरांतही भरलेला असतो, तिथवर वीस मिनिटांत काही पोचत नाही. चार-आठ दिवसांची तकाकी मिळते, एवढेच. ऊन टाळले तर नवा राप काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप उतरतो. किती उतरेल? दंडाची आतली बाजू पाहा. तो आपला मूळ रंग. त्याहून गोरे कोणताही पॅक करत नाही, आणि का करावे? गालावरचे वांग मात्र वेगळे, तो राप नव्हे.

मग 'आठवड्यात गोरी' करणारे क्रीम काम कसे करते? त्यात बहुधा स्टेरॉइड किंवा पारा असतो. 2023 साली वर्तमानपत्रांत अकोल्याची हकीकत आली होती. एका विद्यार्थिनीने पार्लरमधून क्रीम घेतले. चेहरा उजळला, म्हणून आई आणि बहिणीनेही लावले. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासले, तेव्हा क्रीममध्ये भरपूर पारा निघाला. पारा त्वचेतून शरीरात जातो, रंग तयार होणे अडवतो आणि मूत्रपिंडात साठतो. लघवीला फेस, पायांवर सूज ही त्याची लक्षणे.

ओळखायचे कसे? लेबल नसलेली, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता नसलेली डबी घेऊच नका. 'सोन्याला लागू देऊ नका' असे लिहिले असेल तर पाऱ्याचा संशय घ्या. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल ही नावे असली तर ते स्टेरॉइड. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध आहे, दुकानदार 'गोरेपणाची ट्यूब' म्हणून देतो ती हीच. लावताना त्वचा नितळ दिसते, मग पातळ होते. सोडले की चेहरा लाल होतो, जळजळतो, पुरळ येते. बाई घाबरून पुन्हा लावते, आणि दुकानदाराचे गिऱ्हाईक पक्के होते.

कुणी अशी ट्यूब महिनोन्महिने लावत असेल, तर एकदम बंद करायला सांगू नका. ट्यूब सोबत घेऊन तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. पाऱ्याचा संशय असेल तर क्रीम लगेच थांबवा, डबी जपून ठेवा आणि घरात कुणीकुणी लावले तेही विचारा.