दोघांना एकच आवडली, तर आधी कोणाला सांगायचं?

आजचा प्रश्न जरा नाजूक आहे. आपल्या जिवलग मित्राला जी आवडते, तीच आपल्यालाही आवडते. आणि ती दोघांचीही चांगली मैत्रीण आहे. मग करायचं काय?

गप्प बसायचं, असं आपले सिनेमे सांगतात. १९६४चा राज कपूरचा 'संगम' आठवा. राधा सुंदरलाही आवडते आणि गोपाललाही. गोपाल मित्रासाठी गप्प राहतो. पण राधाचा जीव गोपालवर असतो, आणि तिला खरं कुणी विचारतच नाही. लग्नानंतर सुंदरला एक जुनं, निनावी प्रेमपत्र सापडतं आणि संशयात तिघंही पोळतात. लपवलेली गोष्ट संपली नाही, चुकीच्या वेळी बाहेर आली.

आता माझं सांगतो. मी आष्टीचा, माझा मित्रही आष्टीचा. ती नागपूरच्या कॉलेजातली, आमच्याच ग्रुपमधली. दिवाळीत गावी आलो तेव्हा तिच्याशी काही बोलायच्या आधी मी त्याला म्हटलं, "मले ती आवडते. तुले आधी माहीत असावं म्हणून सांगतो." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मले बी."

लक्षात घ्या, मी परवानगी मागितली नाही, फक्त सांगितलं. परवानगी मागितली की मित्राला नाही म्हणायची चोरी होते. आणि ती काय संत्र्याची बाग नाही, आपसात हिस्से पाडायला.

मग आम्ही दोघांनी तीन गोष्टी ठरवल्या. आपलं मन ज्यानं त्यानंच सांगायचं, दुसऱ्याचं नाही. तिच्यापुढे एकमेकांची उणीदुणी काढायची नाहीत. आणि आठवडाभरात दोघांनीही बोलायचं, पण समोरासमोर आणि वेगवेगळं. तिला म्हणायचं, "लगेच उत्तर नको, आणि नाही म्हणालीस तरी चालेल." म्हणजे जो आधी बोलला तो जिंकला, असं होत नाही.

दहा दिवसांनी तिनं त्याला हो म्हटलं. मला स्वतः फोन केला आणि विचारलं, "आपली मैत्री राहील ना?" मी म्हणालो, "राहील. पण दोन महिने मी कमी बोलीन. राग नाही, मला वेळ पाहिजे." हेच त्यालाही सांगितलं. न सांगता गायब झालो असतो, तर दोघांनीही त्याचा अर्थ राग असाच काढला असता.

एक अट मात्र मी घातली: तुमच्या भांडणाचे निरोप माझ्यामार्फत नकोत.

वेळ पुरला की नाही, हे कसं कळतं? त्यांचं भांडण झाल्याचं ऐकून आतून बरं वाटलं, किंवा रात्री तिचं लास्ट सीन बघितलं जातंय, तर अजून पुरला नाही. मग आणखी थोडं लांब राहायचं, आणि तेही सांगूनच. मला दोनाऐवजी चार महिने लागले.

तुमच्या ग्रुपमध्ये असं कधी झालं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नावं मात्र नको. भेटू पुढच्या भागात.