जुना गेमिंग कॉम्प्युटर घेताना

जुना गेमिंग कॉम्प्युटर विकणारा ग्राफिक्स कार्ड कौतुकाने दाखवतो. पण पैसे देण्याआधी आपण दोन गोष्टी बघायच्या.

पहिली मेमरी. Ctrl+Shift+Esc दाबा, Performance मध्ये Memory उघडा. Slots used: 1 of 2 दिसलं, तर मेमरीची एकच पट्टी आहे. १६ जीबीची एक पट्टी असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या, कारण माहिती दोन वाटांनी जाते. एकीवर गेम अडखळू शकतो. तशीच दुसरी पट्टी नंतर बसवता येते. तेवढे पैसे भावातून कमी करून मागा.

दुसरी पॉवर सप्लाय. मशीन बंद करा, वायर काढा, बाजूचं झाकण उघडून सप्लायचं लेबल वाचा. सप्लायचा डबा मात्र उघडू नका, आत वीज साठलेली असते. लेबलवर मोठ्या अक्षरात 500W असेल, पण +12V खाली 25A असेल, तर बारा गुणिले पंचवीस, म्हणजे ३०० वॉटच. प्रोसेसर आणि कार्ड त्यावरच चालतात. प्रोसेसर १०० आणि कार्ड १७० वॉट घेत असेल, तर उरले फक्त तीस. कार्डाचा भार क्षणभर उसळला की गेम चालू असतानाच मशीन बंद पडतं. अशा वेळी नव्या सप्लायची किंमत धरूनच भाव ठरवा.