साडेआठ वर्षांनी आलेलं उत्तर



भविष्यातल्या वर्गावरची एक परिचित विज्ञानकथा आयझॅक असिमॉव्हची, 1951 सालची. तुमच्यातल्या काहींनी ती नववीच्या इंग्रजी पुस्तकात वाचलीही असेल. 2157 सालातली मार्जी घरातल्या यंत्रापुढे एकटी शिकते. शिकवणारं यंत्र आहे हे तिथे लपवलेलं नाही. अशा कथांमुळे वाचक भविष्यातली शिक्षिका म्हणजे यंत्रच असं धरून चालतो. मला त्याच्या याच सवयीचा फायदा घ्यायचा होता. माझी गोष्ट ऐका.

वर्ग. मुक्ताचा शाळेतला पहिला दिवस. भिंतीवरच्या बाई म्हणतात, "सायली, छान विचारलंस. पहिल्या पावसात मातीला वास का येतो?" वर्गात सायली नावाचं कुणीच नाही.

बाई सांगतात, मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, थेंब आपटला की ते हवेत उडतं. मुक्ता हात वर करते. "बाई, पाऊस म्हणजे नेमकं काय?" बाई तिच्याकडे बघतही नाहीत. मुलं खो खो हसतात.

मधली सुट्टी. भाजीच्या वाफ्यांना पाणी घालणाऱ्या ताईला मुक्ता सांगते, "बाई बिघडल्यात. कुणा सायलीशीच बोलतात." ताईच्या हातातली झारी थांबते.

"काय म्हणाल्या?"

"मातीचा वास..."

"मी तेरा वर्षांची होते गं. प्रश्न पृथ्वीवर पोचायला सव्वाचार वर्षं, उत्तर यायला सव्वाचार."

संपली गोष्ट.

पहिल्या खर्ड्यात हा वर्ग मंगळावर होता. पण मंगळावरून पृथ्वीपर्यंत संदेश जायला अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं लागतात. म्हणजे उत्तर फार तर पुढच्या तासाला येणार. तेवढ्यात सायली मोठी कशी होईल? मग वयावरून उलटा हिशोब मांडला आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, गाठला. अंतर 4.24 प्रकाशवर्षं. तेराची सायली एकविशी ओलांडते.

तिथेही घोटाळा झालाच. मी मुक्ताला खिडकीतून लाल सूर्य दाखवला होता, कारण तो तारा लाल खुजा आहे. कच्चा खर्डा ऐकणाऱ्या एका मुलीने तिथेच ओळखलं की आपण पृथ्वीवर नाही. खिडकी काढून टाकली. दुसऱ्याने विचारलं, एवढं साधं मुक्ताला ठाऊक नसेल? बिनतोड प्रश्न! म्हणून तिचा पहिला दिवस केला, आणि बाकीच्यांना सगळं ठाऊक ठेवलं. मुलं पाऊस न समजणाऱ्या मुलीला हसतात असं तुम्हाला वाटतं. खरं तर भिंतीला प्रश्न विचारून लगेच उत्तराची वाट बघणारीला हसतात. कलाटणीचा पुरावा असा वाचकाच्या डोळ्यांसमोरच ठेवावा, फक्त त्याला दुसरं कारण चिकटवून द्यावं.

पुढचं दृश्य मी लिहिलेलं नाही. मुक्ताच्या प्रश्नाचं उत्तर आलं, तेव्हा वर्गात कोण बसलं होतं आणि मुक्ता कुठे होती? उद्या येताना दहा ओळींत लिहून आणा.