बीजकातील चार ओळी आणि कराचे मूल्य

(व्यापारी व लघुउद्योजकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी हिशेबतज्ज्ञ नाही. माझे शिक्षण कला शाखेचे, आणि व्यवसाय शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याचा. त्यामुळे आज मी कायद्याची सर्व कलमे उलगडणार नाही. आपण रोज लिहितो त्या बीजकातील चार ओळींविषयीच बोलणार आहे: व्यापारी सूट, वेष्टन खर्च, वाहतूक खर्च आणि रोख सूट. या चारांपैकी कोणती रक्कम करपात्र मूल्यात मिळवावयाची आणि कोणती वजा करावयाची, एवढाच आजचा प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या एका कारखानदाराने सोलापूरच्या विक्रेत्याला लोखंडी कपाटे विकली असे समजा. दरपत्रकाप्रमाणे एका कपाटाची किंमत 12,000 रुपये. दहा कपाटांचे 1,20,000 रुपये झाले. विक्रेत्याला दहा टक्के व्यापारी सूट आहे. लाकडी चौकटी व गोणपाट बांधण्याचे 2,000 रुपये आणि मालमोटारीचे भाडे 4,000 रुपये बीजकात निराळे लावले आहेत. माल सोलापूरच्या दुकानात पोहोचवून देण्याची जबाबदारी कारखानदाराची आहे. शिवाय पंधरा दिवसांत पैसे आल्यास मालाच्या निव्वळ किमतीवर दोन टक्के रोख सूट द्यावयाचे ठरले आहे. कपाटांवर वस्तू व सेवा कराचा दर अठरा टक्के आहे.

प्रथम व्यापारी सूट पाहू. ही सूट विक्रीपूर्वी किंवा विक्रीच्या वेळीच दिलेली असते. ती बीजकात दाखविली असेल, तर वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 15 नुसार ती मूल्यातून वजा होते. कारण दरपत्रकातील किंमत मुळात कोणी देणारच नसतो. सौदा सूट वजा करूनच होतो. म्हणून आपल्या उदाहरणात 12,000 रुपये वजा जाऊन मालाची किंमत 1,08,000 रुपये राहिली. सूट मात्र बीजकावर दिसली पाहिजे. ती केवळ तोंडी सांगून वहीत टिपून ठेवणे पुरेसे नाही.

पुढे वेष्टन. माल ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी किंवा देताना मालासंबंधी जे काही केले त्याचा आकार, त्यात वेष्टनही आले, मूल्यात धरावा असे याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. तो निराळ्या ओळीत लिहिला म्हणून निराळा होत नाही. तेव्हा 2,000 रुपये मिळविले.

आता वाहतूक. सर्वाधिक चूक येथेच होते, आणि तिचे कारण जुन्या सवयीत आहे. 1956 च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यात विक्री किमतीची जी व्याख्या होती, तीत निराळा आकारलेला वाहतूक खर्च किमतीबाहेर ठेवला होता. व्यापारातील रूढीनुसार दिलेली रोख सूटही तीत वजा होत असे. अनेक पिढ्यांनी बीजके त्या पद्धतीने लिहिली. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला, आणि वाहतूक खर्चाची ती वजावट त्यात आली नाही. माल पोहोचविण्याची जबाबदारी विक्रेत्याची असेल, तर भाडे हा त्याच विक्रीचा भाग ठरतो आणि त्यावर मुख्य मालाच्याच दराने कर लागतो.

येथे कोणी विचारील, की भाडे सोलापूरच्या विक्रेत्यानेच मालमोटारवाल्याला दिले आणि बिलातून कापून घेतले तर? तरीही फरक पडत नाही. जो खर्च देण्याचे दायित्व विक्रेत्याचे होते तो ग्राहकाने भागविला, तरी तो मूल्यात येतो. पैसे कोणाच्या हातून गेले यापेक्षा देणे कोणाचे होते, हे पाहावयाचे. हा विचार नवा नाही. 1978 साली हिंदुस्थान शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे सिमेंटच्या रेल्वेभाड्याचा असाच प्रश्न आला होता. भाडे ग्राहकाने भरून बिलातून वजा केले होते. पण ठरलेली किंमत मुक्कामपोच असल्याने भाडे हा विक्री किमतीचाच भाग ठरला. उलट 1969 च्या हैदराबाद ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात करारानेच भाडे ग्राहकाच्या माथी होते, म्हणून ते किमतीबाहेर राहिले. सोलापूरच्या विक्रेत्याने सांगलीच्या दारातच माल ताब्यात घेतला आणि मालमोटार स्वतः ठरविली, तर ते 4,000 रुपये कारखानदाराच्या बीजकात येणारच नाहीत. म्हणून माल कोठे ताब्यात द्यावयाचा आणि भाडे कोणाचे, हे मागणीपत्रातच लिहावे.

आपल्या उदाहरणात भाडे मिळवून करपात्र मूल्य 1,14,000 रुपये झाले. त्यावर कर 20,520 रुपये, अर्धा केंद्राचा व अर्धा राज्याचा. आणि बीजकाची एकूण रक्कम 1,34,520 रुपये. जुन्या सवयीने केवळ 1,08,000 रुपयांवर कर लावला असता, तर तो 19,440 रुपये, म्हणजे 1,080 रुपये कमी भरला असता. महिन्याला अशा दहा खेपा जात असतील, तर वर्षात ही तूट 1,29,600 रुपये होते. ती तपासणीत उघडकीस येते तेव्हा तीवर व्याजही द्यावे लागते. आणि जुन्या बीजकांचा वाढीव कर ग्राहक देईलच याची शाश्वती नसते. तो कारखानदाराच्या पदरचाच जातो.

राहिली रोख सूट. पैसे जागच्या जागी मिळाले आणि सूट बीजकातच दाखविली, तर ती व्यापारी सुटीप्रमाणे वजा होते. पण पंधरा दिवसांनी मिळेल न मिळेल अशी सूट आधीच वजा करणे धोक्याचे आहे. बीजक पूर्ण मूल्याचे करावे. पैसे वेळेत आले, की 1,08,000 रुपयांवरील दोन टक्के, म्हणजे 2,160 रुपये, आणि त्यावरील 388 रुपये 80 पैसे कर, अशी 2,548 रुपये 80 पैशांची क्रेडिट नोट द्यावी. तेवढा आपला कर कमी होतो. मात्र ग्राहकाने पूर्वी घेतलेली तेवढ्या कराची वजावट परत केली पाहिजे. 2017 च्या मूळ कायद्यात अशा सुटीचा करार माल देण्यापूर्वी किंवा देतेवेळी झालेला असावा आणि ती विशिष्ट बीजकाशी जोडता यावी, अशी अट होती. म्हणून सुटीचा दर व मुदत मागणीपत्रात लिहून ठेवणे आणि क्रेडिट नोटवर बीजकाचा क्रमांक घालणे, ही सवय हितावह आहे. ज्या आर्थिक वर्षात माल दिला, त्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, ही नोट विवरणपत्रात दाखवावी लागते.

हा व्याप नको असेल, तर कर न लावता केवळ 2,160 रुपयांची नोट देता येते. मग कारखानदाराचा कर तसाच राहतो आणि ग्राहकाची वजावटही तशीच राहते. दोन्ही मार्ग खुले आहेत. एकाच व्यवहारात दोहोंची सरमिसळ मात्र करू नये. एकाने कर कमी करावा आणि दुसऱ्याने वजावट राखावी, असे झाले की विवरणपत्रे जुळत नाहीत.

आज घरी गेल्यावर आपले शेवटचे बीजक काढून पाहा. भाड्याची ओळ कराच्या बेरजेच्या वर आहे की खाली, एवढेच पाहा. खाली असेल, तर मागणीपत्र काढा आणि माल कोठे द्यावयाचा होता ते वाचा. माल ग्राहकाच्या दारी पोहोचता करावयाचा होता, असे त्यात असेल, तर ती ओळ वर आली पाहिजे.